वाक्यांत लिहिलेली वंशावळ तक्त्यात कशी आणावी?

प्रश्न: घराण्याची माहिती वहीत परिच्छेदांत लिहिलेली आहे. ती व्यक्ती, पालक, जोडीदार आणि जन्मवर्ष अशा तक्त्यात आणायची आहे. वाचत वाचत भरायला घेतलं, पण एकाच नावाची माणसं मिसळून जातात आणि काही वर्षं जुळत नाहीत. नेमकं कसं करू?

उत्तर: वाचत वाचत भरणं थांबवा. वही दोनदा वाचावी लागेल. पहिल्या वाचनात फक्त माणसं मोजायची, म्हणजे प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा. नाती दुसऱ्या वाचनात भरायची, आणि तीही नावाने नाही, क्रमांकाने. नावं मिसळण्याचा तुमचा त्रास एवढ्यानेच बराचसा जाईल.

उदाहरणासाठी क्युरी घराणं घेतो. त्यांच्या तारखा सर्वज्ञात आहेत, त्यामुळे आपला तर्क बरोबर आला का ते पडताळता येतं. समजा वहीत असं लिहिलंय:

> मेरी क्युरी यांचा जन्म १८६७चा. १८९५ साली त्यांचं पिएर क्युरींशी लग्न झालं. पिएर १९०६ साली वारले, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. त्यांना आयरीन आणि ईव्ह या दोन मुली. १९०४ साली ईव्ह जन्मली तेव्हा आयरीन सात वर्षांची होती. आयरीनचं लग्न फ्रेडरिक जोलिओंशी झालं. त्यांची मुलं एलेन (१९२७) आणि पिएर (१९३२). एलेनचे पती मिशेल हे पॉल लाँजव्हाँ यांचे नातू. आयरीनची सख्खी मावशी ब्रोनिस्लाव्हा, आणि या मावशीच्या आईचं नावही ब्रोनिस्लाव्हाच.

इथे पिएर दोन आहेत, आजोबा आणि नातू. ब्रोनिस्लाव्हाही दोन आहेत, आई आणि मुलगी. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असलं की नावावर विसंबून केलेला तक्ता हमखास फसतो. क्रमांक दिल्यावर तो असा होतो:

| क्र. | नाव | पालक १ | पालक २ | जोडीदार | जन्म, लवकरात लवकर | जन्म, उशिरात उशिरा |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | पिएर क्युरी | | | २ | १८५९ | १८६० |
| २ | मेरी क्युरी | १२ | | १ | १८६७ | १८६७ |
| ३ | आयरीन | १ | २ | ५ | १८९६ | १८९७ |
| ४ | ईव्ह | १ | २ | | १९०४ | १९०४ |
| ५ | फ्रेडरिक जोलिओ | | | ३ | | |
| ६ | एलेन | ५ | ३ | ८ | १९२७ | १९२७ |
| ७ | पिएर जोलिओ | ५ | ३ | | १९३२ | १९३२ |
| ८ | मिशेल | १० | | ६ | | |
| ९ | पॉल लाँजव्हाँ | | | | | |
| १० | (नाव नाही, ९चं अपत्य) | ९ | | | | |
| ११ | ब्रोनिस्लाव्हा, मावशी | १२ | | | | |
| १२ | ब्रोनिस्लाव्हा, आई | | | | | |

दहाव्या ओळीकडे नीट बघा. मिशेल हे पॉल यांचे नातू, एवढंच वही सांगते. मधली पिढी वाक्यात नाही, पण ते माणूस होतंच. त्याला रिकाम्या नावाची ओळ द्या. ती दिली नाही, तर पुढे कुणीतरी मिशेलला थेट पॉलचा मुलगा करून टाकतं. शिवाय ‘नातू’ या शब्दावरून मुलाचा मुलगा की मुलीचा, ते कळत नाही. म्हणूनच मी स्तंभांना ‘वडील’ आणि ‘आई’ न म्हणता ‘पालक १’ आणि ‘पालक २’ म्हणतो.

उलट ‘मावशी’ हा शब्द फार उदार आहे. आयरीनची सख्खी मावशी म्हणजे मेरीची सख्खी बहीण, म्हणजे मेरीची आईही १२च. मेरीच्या ओळीत हा पालक वहीतल्या कुठल्याच वाक्यात थेट दिलेला नव्हता, तो एका शब्दाने मिळाला. काका, मामा, आत्या हे शब्दही असेच बाजू सांगतात. ते वाचताना पुढे ढकलू नका, लगेच पालकांच्या रकान्यात उतरवा. ‘मावशी’ किंवा ‘भाऊ’ असा वेगळा स्तंभ मात्र करू नका. पालक बरोबर भरले की भावंडं आपोआप कळतात, आणि तीच गोष्ट दोन जागी लिहिली की कधीतरी त्या दोन जागा एकमेकींशी भांडतात.

मराठी वहीतली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ‘त्यांना’. ‘पिएर १९०६ साली वारले… त्यांना दोन मुली’ यातलं ‘त्यांना’ आदरार्थी एकवचन आहे की दोघांसाठीचं अनेकवचन? व्याकरण दोन्हीला परवानगी देतं. इथे आयरीन आणि ईव्ह दोघींची आई मेरीच, हे इतर माहितीवरून पक्कं आहे, म्हणून पालक २ भरला. तुमच्या वहीत त्या माणसाची दोन लग्नं झालेली असतील, तर कुणाला तरी विचारेपर्यंत तो रकाना रिकामा ठेवा. दोन लग्नं असली की जोडीदाराचा एक रकाना पुरतही नाही. तेव्हा लग्नांचा वेगळा छोटा तक्ता करायचा: पहिला क्रमांक, दुसरा क्रमांक, वर्ष.

आता न जुळणारी वर्षं. वयावरून जन्मवर्ष काढताना नुसती वजाबाकी केली तर एका वर्षाची चूक होऊ शकते. १९०६ मधून ४६ गेले की १८६० येतात. पण पिएर क्युरी १९ एप्रिलला वारले आणि त्यांचा जन्म १५ मे १८५९चा. त्या वर्षीचा वाढदिवस यायचाच होता. म्हणून वयावरून नेहमी दोन वर्षं मिळतात, वजाबाकीचं उत्तर आणि त्याच्या आधीचं. दोन्ही लिहा, म्हणजे दोन स्तंभ लागतात. आयरीनचंही तसंच, १८९६ किंवा १८९७. खरं उत्तर १८९७ आहे, पण वहीतल्या वाक्यावरून ते ठरत नाही.

आणखी एक बारकावा. वहीत ‘वयाच्या ४६व्या वर्षी’ असं असेल, तर काटेकोर अर्थाने तेव्हा ४५ पूर्ण होऊन ४६वं चालू असतं. पण बरेच जण ४६ पूर्ण झाले असतानाही तसंच लिहितात. अशा वाक्यासाठी मी तीन वर्षांची मुभा ठेवतो, १८५९ ते १८६१.

तक्ता भरून झाला की एक तपासणी नक्की करा. तक्ता एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये इंग्रजी अंकांत भरलेला असेल, पहिल्या ओळीत शीर्षकं आणि `A` ते `G` हे वरचेच सात स्तंभ असतील, तर आयरीनची ओळ चौथी येते. तिथे बाजूच्या रकान्यात हे टाका आणि खाली ओढा:

```
=F4-VLOOKUP(C4,$A:$G,6,FALSE)
```

पालक १च्या जन्मानंतर किती वर्षांनी मूल झालं ते यातून कळतं. आयरीनसाठी ३७ येतात. तिथे चुकून १च्या जागी ७, म्हणजे नातू पिएर, लिहिला गेला असेल, तर उणे ३६ येतात आणि चूक लगेच दिसते. उत्तर बारा-तेराच्या खाली असेल तर बहुधा एक पिढी गळलेली असते. एलेनच्या ओळीत १९२७ असं चार आकडी उत्तर येईल. ते घोळाचं लक्षण नाही, फ्रेडरिकचं जन्मवर्ष रिकामं असल्यामुळे त्यातून शून्य वजा झालंय. मिशेलसारखं मूल आणि पालक दोघांचंही जन्मवर्ष रिकामं असेल तर शून्य येतं, तेही पिढी गळल्याचं लक्षण नाही. `#N/A` आलं तर पालकाचा रकाना रिकामा आहे किंवा त्या क्रमांकाची ओळच नाही.

जोडीदारांची तपासणी डोळ्यांनीच होते: ३च्या ओळीत ५ असेल तर ५च्या ओळीत ३ हवाच.