'आलो'चं 'आले' करून निवेदक बाई होत नाही

प्रश्न: माझ्या कथेचा निवेदक पुरुष आहे, आता तो बाई करायचा आहे. गोष्ट वऱ्हाडातल्या खेड्यातली आहे. क्रियापदं आणि सर्वनामं झटपट कशी बदलायची?

झटपट होत नाही. संगणकावर 'लो' शोधून 'ले' करत सुटाल तर किलोचे किले होतील आणि गावातल्या लोकांचे लेक. 'तो'चं 'ते' केलं की तोंडाचं तेंड झालंच समजा. शोधायला संगणक वापरा, बदलायला नको. 'लो' आणि 'तो'वर संपणारा एकेक शब्द गाठायचा आणि हे कोण बोलतंय ते बघून हातानं फिरवायचा. नुसतं 'मी' शोधूनही भागत नाही, कारण 'उठलो, तोंड धुतलं, निघालो' अशा वाक्यांत 'मी' नसतोच.

क्रियापदाचं म्हणाल तर निम्मी वाक्यं तशीच राहतात. भाकर खाल्ली, दार लावलं, पैसे मोजले ही कर्माच्या मागे जाणारी, त्यांना खाणारा पुरुष की बाई याच्याशी देणंघेणं नाही. 'जाईन' आणि 'जात नाही' तेच राहतं. फसवतात ती विसरलो, शिकलो, म्हणालो, प्यालो ही. कर्म असूनही ती कर्त्याच्या मागे जातात, म्हणून 'किल्ली विसरलो'चं 'विसरले' करावं लागतं. आणि 'आम्ही गेलो'ला हात लावायचा नाही. दहा बाया मिळून गेल्या तरी 'आम्ही गेलो'च. फक्त सगळ्या बायाच असतील तर 'सगळे'चं 'सगळ्या' होईल.

खरी गडबड विशेषणांत होते, कारण ती क्रियापदापासून लांब बसलेली असतात. माझ्या कथेतला एक तुकडा देते. कापूस घेऊन जिनिंगच्या कारखान्यावर, वजनकाट्यापाशी मुक्काम करणाऱ्या माणसाची गोष्ट होती, ती मी नंतर बाईची केली.

'बराच वेळ गाडीजवळ उभाच होतो. माझा डबा तसाच पडून होता. सकाळी चहा घेतला आणि तसाच काट्यावर गेलो.'

यातला पहिला 'तसाच' डब्याचा आहे, दुसरा माणसाचा. म्हणून, प्रमाणभाषेत: 'बराच वेळ गाडीजवळ उभीच होते. माझा डबा तसाच पडून होता. सकाळी चहा घेतला आणि तशीच काट्यावर गेले.' 'माझा डबा' बदलायचा नाही. बाई झाली म्हणून 'माझी डबा' होत नसतो, हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण छापलेल्या दिवाळी अंकात मी असलं वाचलेलं आहे.

आता मूळ दुखणं. पुरुषाच्या तोंडी 'आलो' असलं की 'मी' नसला तरी बोलणारा कळतो, कारण 'आलो' म्हणणारा एक तर मी, नाही तर आम्ही. बाईच्या तोंडचं 'आले' मात्र सासरेही आले, पाहुणेही आले, पोरंही आले. आणि आपल्या वऱ्हाडात बाया 'मी आले' म्हणतातच कुठे? 'मी आली, मी बसली, मी जाऊन राहिली' असंच बोलतात. त्यात तर 'ती आली' आणि 'मी आली' एकच. म्हणजे निवेदक बाई केली की गाळलेले 'मी' परत आणून ठेवावे लागतात. व्याकरणात चूक नसते, तरी कोण आलं ते कळत नाही.

माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं: 'बाप गाडीखाली झोपला. गोणपाट अंगावर घेतलं. काट्याजवळ आलो.' बाईची करताना मी लिहिलं: 'सासरे गाडीखाली झोपले. मी गोणपाट अंगावर घेतलं. मी काट्याजवळ आली.' एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. ताई, 'मी आली' अशुद्ध आहे, आणि इतके 'मी' कशाला, कानाला खटकतात. मी म्हणाली, राहू द्या. त्यांनी राहू दिलं नाही. अंकात छापून आलं: 'सासरे गाडीखाली झोपले. गोणपाट अंगावर घेतलं. काट्याजवळ आले.' माझ्या जावेनं वाचून विचारलं, "का वं, म्हातारा झोपला होता ना, मंग काट्याजवळ कसा आला?" दहावी नापास बाईला जे दिसलं ते संपादकांना दिसलं नाही. आणि वरून शुद्धतेचं सांगतात.

हे उत्तरही मी मुद्दाम 'मी म्हणाली' असंच लिहून राहिली आहे. कोल्हापूरकडच्या बाया 'मी येतो' म्हणतात, त्याचं कौतुक होतं, गोडवा म्हणतात. आमच्या 'आली'लाच तेवढी लाल शाई. तेव्हा खेड्यातली बाई स्वतःच्या तोंडानं पूर्ण गोष्ट सांगत असेल तर 'आली'च ठेवा, पण मग शेवटपर्यंत ठेवा. एका पानावर 'आली' आणि दुसऱ्यावर 'आले' झालं की ती लेखकाची बोली राहत नाही, निष्काळजीपणा दिसतो.

संवाद वेगळे काढून तपासा. व्यापारी पुरुषाला म्हणतो "का बे, कुठून आला?" बाईला तो 'बे' म्हणणार नाही. "का वं माय, कुठून आली?" होईल, किंवा वय बघून 'बाई'. दुसरे लोक तिच्याबद्दल बोलतात तिथे त्याला, त्यानं, त्याचा यांचं तिला, तिनं, तिचा. पण प्रत्येक 'त्याला' निवेदकाचा नसतो, व्यापाऱ्याचा असेल तर तसाच राहू द्या. आणि दुसऱ्या पुरुषाच्या तोंडचं 'आलो' त्याचंच आहे, ते ओढून घेऊ नका.

सगळ्यात जास्त लोक बायकोपाशी आपटतात. बायकोचा नवरा करायचा म्हणून 'बायको म्हणाली'चं 'नवरा म्हणाला' करून मोकळे होतात. आमच्याकडची चाळिशीतली बाई नवऱ्याला 'तो' म्हणून गोष्ट सांगेल? ती 'हे म्हणाले' किंवा 'पोराचे बाबा म्हणाले' असं सांगेल. म्हणजे नुसतं लिंग बदलून पुरत नाही, वचनही बदलतं. 'तिनं डबा दिला'चं 'यांनी डबा दिला'. निवेदक बायकोला 'तू जेवली का?' विचारत होता, ती आता 'तुम्ही जेवले का?' विचारेल. बायको त्याला 'अहो' म्हणत होती, तिथे नवरा 'वं' म्हणेल. साळा होता त्याचा दीर होईल, आणि दिराशी ती साळ्यासारखी थट्टा करेल का, हे व्याकरण सांगणार नाही, तिथे प्रसंगच नव्यानं लिहावा लागेल. नव्या पोरी नवऱ्याला नावानं हाक मारतात हेही खरं, तुमची बाई पंचविशीतली असेल तर वरचं अर्धं सोडून द्या.

अजून एक. कथा स्पर्धेला पाठवत असाल आणि नियमात प्रमाणभाषा लिहिलेली असेल तर निवेदन 'आले'त करा, भांडत बसू नका, संवाद तेवढे बोलीत ठेवा. 'आली'त लिहिणार असाल तर संपादकाला आधीच वर एक ओळ लिहून पाठवा की हे मुद्दाम आहे आणि एकही 'मी' काढायचा नाही. मी आता तसंच करते. त्या अंकाला मात्र पुन्हा काही पाठवलं नाही.