‘सर्वांत आधी तुम्हालाच’ हे खोड

ताई,
माझी पहिली कादंबरी एका प्रकाशकांनी स्वीकारली. रॉयल्टी 10 टक्के, पण ‘निव्वळ प्राप्तीवर’, आणि तीही पहिल्या 500 प्रती खपल्यानंतर. मी नकार द्यायचं ठरवलंय. पण माणसं भली आहेत, संपादकांनी मनापासून टिपणं काढून दिली. संबंध बिघडू नयेत म्हणून पत्रात ‘काही कारणांमुळे जमत नाही’ एवढंच लिहिलंय, आणि पुढचं पुस्तक सर्वांत आधी तुम्हालाच देईन, असंही. मी कृतघ्न तर ठरणार नाही ना?
– एक नवखी लेखिका

नवखे,
कृतघ्नतेचं नंतर बघू. आधी ते ‘सर्वांत आधी तुम्हालाच’ खोड.

अगं, पुढच्या पुस्तकावर पहिला हक्क हे प्रकाशकांच्या करारातलं एक कलम असतं. जाणते लेखक त्यावर हुज्जत घालतात, निदान उत्तराची मुदत तरी घालून घेतात. तू ते करार न करताच, फुकट देऊन बसलीस! कायद्यानं बांधली जाशीलच असं नाही, पण भिडेनं नक्की जाशील. उद्या दुसरीकडून चांगला प्रस्ताव आला, तरी आधी यांच्या होकार-नकाराची वाट बघत बसशील.

आणि ‘काही कारणांमुळे’ म्हणजे काय? त्यांना वाटेल, दुसरा प्रकाशक मिळाला. खरं कारण हिशेबात आहे. छापील किंमत 100 धर. वितरक आणि दुकानदारांची सूट 50 टक्के असेल, तर प्रकाशकाच्या हाती 50 येतात, तुझ्या वाट्याला 5. हजार प्रतींची आवृत्ती संपली तरी पहिल्या 500 प्रतींचं काहीच नाही, उरलेल्यांचे 2500. छापील किमतीवर, पहिल्या प्रतीपासून 10 टक्के असते, तर 10,000 झाले असते. म्हणजे तुझे 10 टक्के प्रत्यक्षात अडीचच आहेत. संपादक भले असतीलही, पण रॉयल्टी बहुधा त्यांच्या हातात नसते. त्यांनी मालकांपुढे काय ठेवायचं, ‘काही कारणं’?

हे लिही:

‘आपला प्रस्ताव आणि टिपणं, दोन्हींबद्दल आभारी आहे. निव्वळ प्राप्तीवर आणि 500 प्रतींनंतर रॉयल्टी, या अटींवर मी करार करू शकत नाही. छापील किमतीवर, पहिल्या प्रतीपासून रॉयल्टी देणं आपल्याला जमणार असेल, तर याच किंवा पुढच्या पुस्तकासाठी आपल्याबरोबर काम करायला मला आवडेल. तोवर हस्तलिखित मी इतरत्र पाठवत आहे.’

शेवटचं वाक्य गाळायचा मोह तुला होईल. गाळू नकोस.

यावर त्यांनी छापील किमतीवर, पहिल्या प्रतीपासून 7 टक्के देऊ केले, तर आकडा लहान दिसतो म्हणून नाक मुरडू नकोस. त्याच हजार प्रतींचे 7000 होतात. तेव्हा मला पत्र लिहीत बसू नकोस. बाकीचा करार नीट वाच आणि सही कर.

– ताई