पखवाजाचा हात डग्ग्यावर का बसत नाही?

"सर, मी कुडाळचा, बारावीत आहे. सहा वर्षं गावच्या भजनात मृदंग वाजवतो. पुढे विशारद करून शिकवायचंय. तबल्याच्या क्लासला गेलो तर गुरुजी म्हणाले, तुझा डग्गा बोलत नाही. मृदंग सोडून देऊ का?"

सोडू नकोस रे. फक्त परीक्षेच्या फॉर्मवर वाद्याचं नाव 'पखवाज' लिही. आपण भजनात, दशावतारात ज्याला मृदंग म्हणतो तो पखवाजच. दक्षिणेतला मृदंगम् दिसायला भाऊ, पण तो फणसाच्या लाकडाचा, डाव्या तोंडाला रव्याचा लेप आणि शिक्षण कर्नाटक पद्धतीचं. त्याला त्याच पद्धतीचा गुरू हवा.

तुझी अडचण डाव्या हाताची आहे. भजनाला बसण्याआधी तू डाव्या तोंडाला कणीक लावतोस. थोडी जास्त झाली की आवाज खाली जातो, चिमूटभर काढली की वर येतो. उजवीकडच्या षड्जाच्या एक सप्तक खाली धूम मिळाली की तू थांबतोस. म्हणजे डाव्याचा सूर वाजवण्याआधीच ठरला; पुढे उघड्या पंजानं थाप द्यायची आणि नाद सोडून द्यायचा.

डग्ग्याची शाई कायमची, तीही मधोमध नसून एका बाजूला सरकलेली, म्हणून मनगट टेकायला मोकळी पुडी मिळते. तिथे सूर वाजवता वाजवता घडतो. तू सवयीनं अख्खा पंजा टाकतोस, म्हणून डग्गा नुसता 'धप्प' करतो.

घरी हे करून बघ. मनगट पुडीवर टेकव, बोटं वाकवून टोकांनी 'घे' वाजव आणि आस चालू असताना मनगट शाईकडे सरकव. आवाज चढत गेला तर हात बरोबर. नाद लगेच मेला तर दाब जास्त पडतोय. सूर जागचा हलला नाही तर मनगट नुसतं टेकलंय, दाब देत नाहीये.

उजव्यावर तुला कमी त्रास होईल. वाद्या, गट्टे, गजऱ्यावर हातोडी मारून सूर लावणं तुझ्या ओळखीचं आहे, पावसात पुडी उतरते हेही तू जाणतोस. पण पखवाजाचा 'ता' पंजाचा, तबल्याचा 'ना' चाटेवर तर्जनीचा, अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवून. तो वेगळा बसवावा लागेल.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पखवाजातूनही देता येतात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. माझं मत, विशारद पखवाजातच कर. मात्र भजनातल्या आठ मात्रांच्या ठेक्यावर तिथे भागत नाही, बारा मात्रांचा चौताल आणि चौदा मात्रांचा धमार हातात हवा. आपल्याकडे क्लासला येणारी बहुतेक मुलं तबल्याचीच असतात, तेव्हा शिकवायचं असेल तर तबला जोडीला ठेव. गुरुजींना सांगून पहिले तीन महिने फक्त डग्ग्याचा रियाज मागून घे.