कुलूप निवडताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

१० लिव्हरचं कुलूप ६ लिव्हरच्या कुलपापेक्षा मजबूत असतं ना?

नाही. लिव्हर म्हणजे कुलपाच्या आतल्या पातळ पट्ट्या. किल्लीने प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली, तरच कुलूप उघडतं. पट्ट्या वाढल्या की दुसऱ्या किल्लीने किंवा तारेने उघडणं अवघड होतं, तेही कुलपाची घडण बारीक असेल तर. कडी कापायला आलेल्या चोराला लिव्हरशी काहीच देणंघेणं नाही. त्यासाठी कडी कडक केलेल्या पोलादाची आहे का, ते पाहा. शिवाय सिलिंडरच्या कुलपात लिव्हर नसतातच, पिना असतात; सिलिंडर म्हणजे किल्ली जिथे घालतो तो भाग. अशा कुलपाच्या जाहिरातीत ‘७ लिव्हर’ लिहिलेलं दिसलं, तर विक्रेत्याला खुलासा विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पितळी म्हणून घेतलं, पण चुंबक चिकटतो.

बॉडीला चिकटत असेल तर ती लोखंडाची आहे, वर पितळी मुलामा. परत करा. (कडीला चिकटला तर हरकत नाही, ती पोलादाचीच हवी.)

माझं दार ३८ मिमी जाडीचं आहे. माहितीत ‘३५ ते ५० मिमी दारासाठी’ असं आहे. ७० मिमीचं सिलिंडर मागवू का? मोठं असलेलं बरं, असं सगळे सांगतात.

मागवू नका. हा सल्ला ऐकून लोक स्वतःच्या हाताने दार कमकुवत करून घेतात. सिलिंडर मधल्या स्क्रूच्या भोकापाशी सर्वांत अशक्त असतं. बाहेर आलेलं टोक पक्कडीत धरून हिसका दिला, की ते तिथेच तुटतं. म्हणून बाहेरच्या बाजूला ते हँडलच्या पट्टीपुढे ३ मिमीहून जास्त येता कामा नये.

मोजमाप मधल्या स्क्रूपासून दोन्ही बाजूंना वेगवेगळं घ्यायचं असतं. कुलूप दाराच्या बरोबर मध्यावर असेल, तर प्रत्येक बाजूला १९ मिमी लाकूड. हँडलची पट्टी ८ मिमीची धरली तर २७. म्हणजे ३०/३०, एकूण ६० मिमीचं सिलिंडर पुरतं. तुमचं ३५/३५ मात्र बाहेर ८ मिमी डोकावेल.

आता याच दाराला बाहेरून १० मिमीचा पॅनेल ठोकलेला असेल, तर बाहेरची बाजू ३७ होते आणि ४०/३० लागतं. एकूण ७०च, पण ३५/३५ बाहेर पट्टीच्या २ मिमी आतच राहील. म्हणून नुसता एकूण आकडा छापणाऱ्या विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंची मापं लेखी मागा. कुलूप मध्यावर आहे की नाही, हे सुताराकडून हँडलची पट्टी काढून मोजून घ्या. दार २५ मिमीचं असेल, तर कुलपाच्या १५ मिमीच्या पेटीसाठी खाच पाडल्यावर दोन्हीकडे जेमतेम ५ मिमी लाकूड उरतं. तिथे आधी सुताराला विचारा, मगच कुलूप घ्या.

तीन किल्ल्या येतात, त्यांतली एक हरवली. चालेल?

कुठे पडली ते माहीत नसेल, तर नाही. सिलिंडर आजच बदलून घ्या.

किल्लीवरच्या नंबराचा फोटो विक्रेत्याला पाठवू का?

मुळीच नाही. काही किल्ल्या त्या नंबरावरूनही बनवता येतात.