टँकरच्या खेपा आणि माझी दुसरी तक्रार

प्रश्न: सहकारी कर्मचाऱ्याच्या गैरवर्तनाची लेखी तक्रार कशी लिहावी, म्हणजे खरोखर चौकशी लागेल? आपले नाव न देता करता येते का?

उत्तर:

मराठवाड्यातील एका पंचायत समितीत मी वरिष्ठ सहायक होते. तिथे एकाच सहकाऱ्याविरुद्ध, एकाच गैरप्रकाराबद्दल मी दोनदा लेखी तक्रार दिली. पहिली दप्तरी दाखल झाली आणि दुसरीवर अकराव्या दिवशी प्राथमिक चौकशी सुरू झाली. कार्यालय तेच, अधिकारी तेच, खरे-खोटेही तेच होते. बदलला होता तो माझ्या अर्जातील मजकूर.

लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो २०१६ चा उन्हाळा होता. आमच्या तालुक्यातही गावोगाव टँकर चालू होते. टँकर गावात आला की लॉगबुकात खेपेची नोंद करायची, गावाच्या वतीने ग्रामसेवकाची सही घ्यायची आणि त्या नोंदीवरून देयक निघायचे, अशी आमच्याकडची पद्धत होती. देयकाआधी ही लॉगबुके तपासण्याचे काम माझ्या शेजारच्या टेबलावरील कनिष्ठ सहायकाकडे होते. कागदावर तीन खेपा दिसतात आणि गावात एकच येते, हे गावातून येणारी माणसे उघड बोलत होती. माझे माहेर त्याच पट्ट्यातले आहे. रात्री दोन वाजता विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे गप्प बसणे मला शक्य नव्हते.

एप्रिलमध्ये मी लिहिले, "सदर कर्मचारी भ्रष्ट प्रवृत्तीचे असून गेली दोन वर्षे टँकरच्या खेपांत गैरप्रकार करीत आहेत, तरी त्यांच्यावर कठोर कारवाई व्हावी." यावर गटविकास अधिकारी चौकशी करणार तरी कशाची? कोणते गाव, कोणता दिवस, कोणते पान, यातले काहीच त्यात नव्हते. त्यांनी नियमाप्रमाणे त्या कर्मचाऱ्याचा खुलासा मागवला, त्याने "आरोप मोघम व आकसापोटी आहेत" असे दोन ओळींत कळवले आणि "तथ्य आढळून येत नाही" असा शेरा पडून प्रकरण नस्तीबद्ध झाले. त्याहून वाईट म्हणजे तो सावध झाला.

कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. ते मला तेव्हा म्हणाले, "ताई, तक्रार त्रोटकच असावी. तपशील शोधणे हे चौकशी अधिकाऱ्याचे काम, आपले नाही." हे मत चुकीचे आहे, हे मी त्यांना त्या वेळीही सांगितले होते आणि आजही सांगते. दोषारोपपत्र काढायचे तर प्रत्येक आरोपाचा तपशील, तो सिद्ध करणाऱ्या कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी त्यासोबत जोडावी लागते. तक्रारीत या तिन्ही गोष्टींचे बीज नसेल, तर तपशील शोधण्यासाठी अधिकारी नेमण्याचीच वेळ येत नाही.

मेमध्ये मी एकच गाव आणि एकच दिवस धरला. ६ मे २०१६ च्या पानावर तीन खेपांची नोंद होती. पाणी भरण्याच्या ठिकाणापासून ते गाव ३४ किलोमीटरवर, म्हणजे एका खेपेचे जाऊन-येऊन ६८ आणि तिन्हींचे मिळून २०४ किलोमीटर व्हायला हवेत. चालकाने त्याच पानावर सकाळचे आणि संध्याकाळचे मीटरचे वाचन स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि त्यांतील फरक ७१ किलोमीटर होता. पाणी भरण्याच्या त्या ठिकाणी, म्हणजे उद्भवावर, ठेवलेल्या नोंदवहीतही त्या दिवशी त्या वाहनाची एकच भरणी होती. देयक मात्र तीन खेपांचे मंजुरीसाठी पुढे गेले होते आणि "नोंदी तपासल्या" या शिक्क्याखाली सही त्या कनिष्ठ सहायकाची होती.

दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आणि ती अर्जात अशी लिहिली: "दिनांक ९ मे २०१६ रोजी सायंकाळी ५.४० च्या सुमारास मी कार्यालयात माझ्या टेबलावर होते. श्री. अमुक यांच्यासमोर उघडलेल्या लॉगबुकातील पाच पानांवर ग्रामसेवकाची सही होती, मात्र खेपांचे रकाने कोरे होते. ते रकाने श्री. अमुक यांनी निळ्या पेनाने स्वतः भरले. त्या वेळी शिपाई श्री. तमुक कार्यालयात हजर होते." एवढेच. "भ्रष्ट", "निर्लज्ज", "सर्वांना माहीत आहे" यांतला एकही शब्द मी वापरला नाही. पाहिलेले एका परिच्छेदात, कागदावरून दिसणारे दुसऱ्यात आणि ऐकीव तिसऱ्यात, "असे गावातील व्यक्तींकडून समजले" असे स्पष्ट म्हणून मांडले. आपणही ही विभागणी कराच, कारण पुढे साक्ष देताना आपण याच तीन गोष्टींवर उभे असतो.

लॉगबुकाचे पान फाडून जोडण्याचा मोह मलाही झाला होता. मूळ अभिलेख परस्पर नेणे हेच गैरवर्तन ठरते आणि मग चौकशी आपल्यावरच लागते. मी नोंदवहीचे नाव, पान क्रमांक आणि दिनांक लिहिले आणि शेवटी एकच विनंती केली: संबंधित लॉगबुक, उद्भवावरील नोंदवही आणि देयकाची नस्ती तक्रारीची प्रत त्या कर्मचाऱ्यास देण्यापूर्वी ताब्यात घ्यावी. माझ्या अर्जातील सर्वांत उपयोगी वाक्य हेच ठरले. पहिल्या वेळी ते नव्हते.

तरीही एक चूक झालीच. "गेली दोन वर्षे" हे शब्द जुन्या अर्जातून नव्यातही तसेच उतरले आणि ऐकीव परिच्छेदात "पैसे घेतात" असेही मी लिहून बसले. विभागीय चौकशीत उलटतपासणी झाली तेव्हा बचाव सहायकाने ९ मेच्या प्रसंगाला हातही लावला नाही. त्याने अर्धा तास फक्त विचारले, दोन वर्षांतील दुसरी तारीख सांगा, पैसे कोणी दिले ते सांगा. माझ्याकडे उत्तर नव्हते. खोट्या नोंदींचा आरोप सिद्ध झाला आणि त्याच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. पैशाचा आरोप शाबित झाला नाही. विभागीय चौकशीला फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, पण काहीतरी पुरावा लागतोच आणि ऐकीव माहितीवर तेवढेही उभे राहत नाही.

काकांचे दुसरे म्हणणे होते की मी आधी त्याला एकांतात समज द्यायला हवी होती, सहकाऱ्याची तक्रार करणे म्हणजे घरचे भांडण वेशीवर टांगणे. उशिरा येणे, टेबलावर नसणे, तिरकस बोलणे यांबाबत मी ते मान्य करते. खोट्या अभिलेखाच्या बाबतीत समज देणे म्हणजे नोंदी सुधारून घ्यायला वेळ देणे होय आणि इथे त्याची किंमत घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका मोजत होत्या.

नावाबद्दल: निनावी अर्ज बहुतेक वेळा दप्तरी दाखल होतो, कारण त्यावर जबाब घ्यायला माणूसच नसतो. नाव गोपनीय ठेवण्याची विनंती अर्जात करता येते, पण साक्षीसाठी बोलावले की ते उघड होणार, हे धरूनच चालावे. दुय्यम प्रतीवर आवक क्रमांक आणि दिनांकासह पोच घ्या.

मी लिहिले ते अभिलेख आणि पैशाच्या व्यवहारांबद्दल आहे. प्रकार लैंगिक छळाचा असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. तिथे साक्षीदार किंवा कागद नाहीत म्हणून थांबू नये. तारीख, ठिकाण आणि घडले ते शब्द लिहून आधी अर्ज द्यावा.