'संदर्भ', 'विचारणा' आणि 'बाबत': अनोळखी गिऱ्हाइकाला मेल करताना विषयाची ओळ

प्रश्न: "आमची सांगलीत हळद पावडरीची छोटी गिरणी आहे. मसाला कंपन्यांच्या खरेदी विभागाला मेल करतो. विषयात 'हळद पावडर पुरवठा करण्यासाठी व्यवसाय प्रस्ताव सादर करणेबाबत' असं लिहितो, पण मेल उघडलेच जात नाहीत. एकाने सांगितलं की पुढे 'संदर्भ' किंवा 'Re:' लावा, नाहीतर 'विचारणा' लिहा, लगेच उघडतील. भाषेच्या दृष्टीने हे बरोबर आहे का? आणि मग लिहायचं तरी काय?"

'संदर्भ' नको. आपल्याकडच्या कार्यालयीन पत्रात विषय आणि संदर्भ या दोन वेगळ्या ओळी असतात, आणि त्यांची कामंही वेगळी असतात. पत्र कशाबद्दल आहे ते 'विषय' सांगतो. 'संदर्भ' सांगतो आधीचं कुठलं पत्र, त्याचा जावक क्रमांक कोणता, तारीख कोणती. त्यामुळे हा शब्द दिसला की खरेदी अधिकारी समजतो, आपलं या माणसाशी आधी काही बोलणं झालेलं आहे. ते झालेलं नसेल तर शब्द नुसता चुकीच्या जागी पडला एवढ्यावर भागत नाही, ते खोटं विधान होतं.

'Re:'ची गोष्ट जरा गमतीची आहे. हा 'reply'चा संक्षेप आहे असा सर्रास समज असला तरी तो लॅटिन 'res' म्हणजे वस्तू, बाब या शब्दापासून आलेला आहे. ईमेलची रचना ठरवणाऱ्या RFC 5322 या २००८ च्या दस्तऐवजातही त्याचा अर्थ 'च्या बाबतीत' असाच दिला आहे. म्हणजे तुम्हाला सल्ला देणारा म्हणू शकेल, 'मी तर फक्त बाबत असं लिहिलं!' व्युत्पत्ती त्याच्या बाजूची आहे, पण शब्दाचा अर्थ वापर ठरवतो. मेलपेटीत 'Re:' लागतं ते उत्तराला, आणि वाचणारा ते तसंच वाचतो. तो मेल उघडतो, खाली सरकवून जुना पत्रव्यवहार शोधतो, तो सापडत नाही, आणि तिथेच तुमची पत जाते. पुढची पायरी स्पॅमचं बटण. शिवाय खऱ्या उत्तरासोबत जाणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदींत आधीच्या मेलची ओळख सांगणारी `In-Reply-To:` ही नोंद असते. हाताने 'Re:' टाइप केलेल्या नव्या मेलमध्ये ती नसते, म्हणजे बनाव यंत्रालाही दिसू शकतो. आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना लिहीत असाल तर तिथल्या २००३ च्या CAN-SPAM कायद्याने फसवी विषय-ओळ थेट बेकायदा आहे, कंपनीने कंपनीला पाठवलेल्या व्यापारी मेललाही.

'विचारणा' हा शब्द दिसायला निरुपद्रवी, पण व्यापारात त्याची दिशा ठरलेली आहे. विचारणा करतो घेणारा. देणारा त्यावर दरपत्रक देतो, मग नमुना जातो, मग ऑर्डर निघते. विकणाऱ्याने 'हळदीबद्दल विचारणा' लिहिलं तर समोरच्याला वाटतं, हा आपल्याकडून काही घेणार आहे. कित्येक ठिकाणी असा मेल खरेदीऐवजी विक्री विभागाकडे जातो आणि तिथे मरतो. 'दरपत्रक' हा शब्दही कुणी दर मागितला असेल तरच शोभतो. 'आपल्या मागणीनुसार' तर विचारूच नका. 'प्रस्ताव' खोटा नाही, पण पोकळ आहे. त्यात विमाही बसतो आणि सोलर पॅनलही.

आता 'बाबत'. तुमची ओळ खरी आहे, व्याकरणानेही ठीक आहे, तरी ती चालत नाही. याचं कारण मराठी वाक्याच्या घडणीत आहे. आपल्याकडे शब्दयोगी अव्यय शेवटी येतं आणि ओळीचा सगळा भार शेवटाकडे झुकतो. अर्ज फायलीत लावायचा असतो तेव्हा ते खपून जातं, कारण बाबू पूर्ण ओळ वाचतो. फोनवर मात्र ओळ मध्येच कापली जाते. तुमची ओळ साधारण अशी दिसेल:

हळद पावडर पुरवठा करण्यासाठी व्यव…

कोण विकतंय, कोण घेतंय, मालात वेगळं काय, यातलं काहीच या तुकड्यात नाही. 'सादर करणेबाबत' हे दोन शब्द तर पूर्ण दिसले तरी काही सांगत नाहीत. ('बाबत'मधला 'बाब' अरबीत मूळचा दार या अर्थाचा, हा योगायोग मजेशीर आहे, पण इथे तेच दार बंद करतो.) म्हणून विषय वाक्यासारखा न लिहिता पाटीसारखा लिहावा: नाम पुढे, क्रियापद शक्यतो नाहीच, 'बाबत', 'संबंधी', 'विषयी' पूर्ण गाळलेले. ज्या शब्दावर समोरचा थांबेल तो पहिल्या चार-पाच शब्दांत आलाच पाहिजे.

लांबी मोजताना एक चकवा आहे. हळदीला पिवळा रंग देणारा घटक म्हणजे 'कर्क्युमिन'. आपल्या डोळ्याला हा चार-पाच अक्षरांचा शब्द, पण संगणक तो दहा चिन्हांचा मोजतो: क, र, हलन्त, क, हलन्त, य, उकार, म, वेलांटी, न. त्यामुळे इंग्रजीसाठी सांगितलेली अक्षरमर्यादा मराठीला जशीच्या तशी लावू नका. मेल आधी स्वतःलाच पाठवा आणि लहान पडद्याच्या फोनवर ओळ कुठे तुटते ते बघा.

तुमचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा समोरची कंपनी लोणचे मसाला करते, आणि तुमच्याकडे राजापुरी हळदीची पावडर आहे, प्रयोगशाळेचा अहवाल आहे, त्यात कर्क्युमिन ३.२ टक्के आलं आहे.

'हळद पावडरीचा नमुना' ही ओळ छोटी आहे, खरी आहे, पण खरेदी अधिकाऱ्याकडे अशा ओळी ढिगाने येत असणार. 'उत्कृष्ट दर्जाची अस्सल हळद पावडर' ही आणखी वाईट, कारण विशेषण कुणालाही फुकट मिळतं. 'राजापुरी हळद पावडर, कर्क्युमिन ३.२ टक्के' इथे माल दिसू लागला: जात आली, आकडा आला. हा आकडा अहवालात असेल तोच हवा. '३ टक्क्यांहून अधिक' असं मोघम लिहिलंत तर पुढच्या लॉटमध्ये २.९ आल्यावर तुमचीच ओळ तुमच्यावर उलटते. पण लोणचेवाल्याला याचं काय, हे अजून दिसत नाही. ते आणलं की ओळ अशी होते:

लोणचे मसाल्यासाठी राजापुरी पावडर, नमुना अहवालासह

शेवट तुटला तरी 'लोणचे मसाल्यासाठी राजापुरी' एवढं उरतं, आणि तेवढं पुरतं. आकडा मग मेलच्या पहिल्या वाक्यात न्या, कारण विषयाशेजारी किंवा खाली त्या वाक्याची सुरुवातही दिसते. तिथे 'आम्ही सांगलीतील एक नामांकित…' असं सुरू केलंत तर ती जागा वाया गेली. पत्रातलं जुनं 'स. न. वि. वि.' त्या मानाने शहाणं म्हणायचं, चार अक्षरांत आटपतं. त्यापुढे लगेच: 'कर्क्युमिन ३.२ टक्के, अहवाल याच महिन्याचा. २५० ग्रॅमचा नमुना कुरिअरने पाठवू, खर्च आमचा.' पेढीचं नाव विषयात नको, ते पाठवणाऱ्याच्या रकान्यात असतंच. मात्र तिथे नुसतं 'info' दिसत नाही ना, ते तपासा.

'अहवालासह' आणि 'अहवाल सोबत' यांत फरक करा. 'अहवाल सोबत' म्हटलं की जोडपत्र याच मेलला असायला हवं, आणि अनोळखी माणसाच्या पहिल्याच मेलला जोडलेली फाइल उघडायला लोक कचरतात. 'नमुना अहवालासह' म्हणजे पार्सलमध्ये दोन्ही येणार. तेवढंच लिहा आणि पार्सलमध्ये अहवालाची प्रत खरोखर घाला. 'मोफत नमुना' लिहायचं असेल तर कुरिअरही तुमच्याच खर्चाने जायला हवं.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे गावाचं नाव. सांगलीच्या बाजारात हळद फक्त आपल्या शिवारातली येत नाही, कर्नाटकातून, तेलंगणातूनही येते. 'सांगलीहून हळद पावडर' म्हटलं तर गिरणी इथली आहे एवढाच अर्थ, आणि तो खरा. 'सांगलीची हळद' म्हटलं की माल इथे पिकला असा दावा होतो. 'हून' आणि 'ची' या दोन प्रत्ययांत पूर्ण व्यवहार फिरतो. त्यात 'सांगली हळद' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा हे नाव विशेषनामासारखं वापरायचं तर माल त्या भागातला हवा आणि तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. बाहेरून आलेल्या हळकुंडांची पावडर करत असाल तर 'सांगलीहून' लिहा आणि जातीचं नाव अचूक द्या. खरेदी अधिकारी पहिल्या फोनला 'माल कुठला?' हेच विचारणार आहे.

ओळ जमली की नाही हे 'किती उघडले' या आकड्यावरून ठरवू नका. उघडल्याची नोंद मेलमधल्या एका अदृश्य चित्रावरून होते, आणि ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून आलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे ती चित्रं माणसाने मेल न उघडताही उतरवली जाऊ शकतात. 'Re:' लावून उघडण्याचा आकडा वाढतोही, फसून उघडणाराही त्यात धरला जातो. मोजायची ती उत्तरं, 'नको' आलेली धरून. दोन ओळींची तुलना करायची तर एकाच प्रकारच्या कंपन्या घ्या, यादीचे दोन भाग करा, आतला मजकूर तोच ठेवा आणि फक्त विषय बदला. वीस-पंचवीस मेलमध्ये एखाद-दुसऱ्या उत्तराचा फरक पडला तर त्यावरून काही ठरत नाही.

आठवड्याने आठवण करायची असेल तर तुमच्याच पाठवलेल्या मेलला उत्तर द्या. त्यावर 'Re:' आपोआप लागेल आणि ते खोटं नसेल, कारण खाली तुमचा पहिला मेल खरोखर असेल. तरीही समोरच्याने काही लिहिलेलं नाही, म्हणून पहिलं वाक्य तसंच ठेवा: 'गेल्या मंगळवारी नमुन्याबद्दल लिहिलं होतं, तो मेल खाली आहे.' आणि इथे हवं तर 'संदर्भ' हा शब्दही वापरा, तारखेसकट.