सीएलए बॉट आणि ऑफिसचं ‘बघूया’

> वेर्णा आयडीसीत नोकरी, राहायला फोंड्यात. इथे बसून ओपन सोर्सवाल्यांशी ओळख व्हावी म्हणून एका प्रोजेक्टला पीआर टाकला. मेंटेनरला आवडला, पण सीएलए बॉट लाल दाखवतोय आणि आमचे एचआर ‘विचारून सांगतो’ म्हणतात. थांबू का दुसरा प्रोजेक्ट बघू?

प्रोजेक्ट सोडू नका. पण एचआरच्या भरवशावर नुसते बसूनही राहू नका. सीएलए म्हणजे हा कोड द्यायचा हक्क आपला आहे, असं लिहून द्यायचा करार, आणि त्यावरची सही सापडली नाही की बॉट लाल होतो. तुमची पोस्ट वाचली आणि माझं जुनं दुखणं वर आलं, म्हणून जरा लांबण लावतो. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

माझी गोष्ट अशी. डॉक्युमेंटेशनची साइट बनवणारं पायथनमधलं एक टूल होतं. ते मथळ्यावरून लिंक तयार करायचं आणि `\w` मध्ये न बसणारं प्रत्येक चिन्ह उडवायचं. पायथनच्या `re` ला आपले काना, मात्रा, अनुस्वार अक्षरं वाटतच नाहीत:

```
>>> import re
>>> re.sub(r'[^\w-]', '', 'फोंडा')
'फड'
```

‘पाणी’ आणि ‘पण’ या दोन मथळ्यांची लिंक त्यामुळे एकच व्हायची. एवढंच उदाहरण देऊन मी इश्यू टाकला. तमिळमध्येही हेच होतं, असं सांगत तिकडचा एक जण आला, मग थाईवाला आला. तमिळवाल्याने तपासायला शब्द दिले, मी कोड लिहिला, मेंटेनरने दोन ठिकाणी सुधारायला सांगितलं. रोज संध्याकाळी बोलणं चालू. (युरोपातला मेंटेनर असेल तर त्याची सकाळ आपल्या दुपारी उजाडते. तुमचं उत्तर दुपारच्या जेवणाआधी गेलेलं असलं की त्याच दिवशी पुढचं काम होतं.)

मग बॉट लाल झाला आणि मी तेव्हाच्या कंपनीत विचारलं. एचआरबाई कोंकणीत म्हणाल्या, पळोवया, म्हणजे बघूया. लीगलवाले गोव्यात नव्हतेच, हेड ऑफिसला. तिथून उलट प्रश्न, यात क्लायंटचा डेटा आहे का? नाही म्हटल्यावर बाहेर दुसरी नोकरी करत असाल तर भरायचा फॉर्म आला. पगार नाही, मालक नाही, फॉर्ममध्ये काय लिहू? ‘नाही’ असं कोणीच म्हणेना, कारण ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं हे कोणाच्याच कामात बसत नव्हतं. सरळ नकार आला असता तरी चाललं असतं, वेळ तरी वाचला असता.

इकडे रिलीज जवळ आलं. मेंटेनरने तमिळवाल्याला तेच काम स्वतंत्रपणे लिहायला सांगितलं आणि चांगुलपणाने माझ्यासाठी `Co-authored-by` ही ओळ टाकली. बरेच बॉट सहलेखकाचीही सही तपासतात. पुन्हा लाल. शेवटी माझं नाव काढूनच कोड आत गेला. श्रेयाचं मी फार मनावर घेतलं नाही. खरं लागलं ते पुढे: ते दोघं त्याच धाग्याने पुढच्या कामाला लागले आणि मी बाहेरून बघत राहिलो. असं तुमच्या बाबतीत होणार असं दिसलं, तर `Reported-by` ओळ टाकायला सांगा. ती साधा मजकूर असते, सहसा बॉट तिच्याकडे बघत नाही, आणि नाव मात्र इतिहासात राहतं.

आता ऑफिसचं. एचआरना ‘सीएलएवर सही द्या’ म्हणाल तर ते घाबरतील, कारण त्यांना वाटतं कंपनीला करार करायला सांगताय. बहुतेक वेळा तेवढं लागत नाही. अपाचेचा वैयक्तिक सीएलए बघा. कामावर तुमच्या मालकाचा हक्क लागत असेल तर तिथे तीन वाटा दिल्या आहेत: मालकाची परवानगी, मालकाने हक्क सोडणे, किंवा कंपनीने स्वतंत्र कॉर्पोरेट सीएलए करणे. पहिली वाट एका ईमेलवर भागते. (सगळ्याच प्रोजेक्टांत तेवढ्यावर भागेल असं नाही, म्हणून आपल्या प्रोजेक्टचा मजकूर स्वतः वाचा.) ईमेल तुम्हीच लिहून द्या: प्रोजेक्टचं नाव, लायसन्स, घरच्या लॅपटॉपवर सुट्टीच्या वेळात केलेलं काम, कंपनीच्या प्रॉडक्टशी संबंध नाही, एवढ्याच प्रोजेक्टपुरती परवानगी हवी. मॅनेजरकडून थेट ज्याला सही करायचा अधिकार आहे त्याच्याकडे पाठवा, एचआरना फक्त सीसी. ‘ओपन सोर्स पॉलिसी’ हा शब्द अजिबात काढू नका. पॉलिसी म्हटलं की कमिटी बसते.

कॉपीराइट कायद्याच्या (1957) कलम 17 प्रमाणे वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा. घरी केलेलं असंबंधित काम त्यात येऊ नये, असं माझं मत. पण अपॉइंटमेंट लेटरमधलं कलम बऱ्याचदा याहून लांब हात पसरतं, तेव्हा आधी ते काढून वाचा. कोणी सांगेल, सीएलए नको, डीसीओवाला प्रोजेक्ट धर, `git commit -s` केलं की झालं. झालं नाही. त्या `Signed-off-by` ओळीने तुम्ही हेच लिहून देता की हे द्यायचा हक्क माझा आहे. बॉट हिरवा होतो, प्रश्न तिथेच राहतो.

एक फालतू वाटणारी गोष्ट तपासा. कमिट ऑफिसच्या ईमेलने गेलंय का? सही घरच्या ईमेलने आणि कमिट ऑफिसच्या, असं असलं तर सही होऊनही बॉट लालच राहतो. शिवाय ऑफिसचा पत्ता असला की काम कंपनीचंच दिसतं. शेवटचं एकच कमिट असेल तर त्याच रेपोत:

```
git config user.email "घरचा-पत्ता"
git commit --amend --reset-author --no-edit
git push --force-with-lease
```

परवानगी येईपर्यंत काय करायचं? कोड देऊ नका, डोळे द्या. दुसऱ्यांचे पीआर आपल्या मशीनवर चालवा आणि कुठे फुटतात ते पायऱ्यांसकट लिहा. अपाचेसारख्या ठिकाणी इश्यूत टाकलेला मजकूरही योगदानात धरला जाऊ शकतो, त्यामुळे पॅच चिकटवू नका, घडलेलं वर्णन करा.

माझी तुटलेली ओळख अशीच परत जुळली. नव्या कोडने अक्षरं, मात्रा आणि अंक राखले होते, पण ‘दुसऱ्या’ लिहिताना बरेच जण र, हलंत आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह (U+200D) टाइप करतात. युनिकोडमध्ये ते यातल्या कोणत्याच गटात नाही. ते उडालं की ‘दुसर्या’ होतं. तमिळवाल्याला हे दिसणं शक्यच नव्हतं. मी दोन्ही रूपांचे कोडपॉइंट शेजारी शेजारी लिहून इश्यू टाकला. त्यानंतर देवनागरीचं काही आलं की मेंटेनर मलाच टॅग करू लागला, आणि पुढे बेंगळुरूच्या इंडियाफॉसला तमिळवाला प्रत्यक्ष भेटला.

तेव्हा आज पीआरवर दोन ओळी टाका: कंपनीची परवानगी मागितली आहे, वेळ लागेल, रिलीजची घाई असेल तर दुसऱ्याने लिहिलं तरी चालेल, मी तपासून देईन. गप्प बसलात तर तो समजेल तुम्ही सोडून गेलात. परवानगी आली की तो ईमेल घरच्या पत्त्यावरही ठेवा (कंपनीची त्याला हरकत नसेल तर). नोकरी बदललीत तर नव्या ठिकाणी पुन्हा विचारावं लागेल. आणि बॉटने नेमकं काय लिहिलंय ते इथे टाका, ईमेल पत्ता खोडून. लाल दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात.